शंभर रात्रींचे वचन आणि एकशे एकावी अट

गादी विकणाऱ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत एक नवे वचन बाजारात आणले आहे. शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर पूर्ण पैसे परत. दुकानात दोन मिनिटे बसून गादी कळत नाही हे खरेच आहे, त्यामुळे हे वचन ऐकायला न्याय्य वाटते. पण गादी परत करायला निघालेल्या माणसाला विचारा. त्याला अशा अटी ऐकाव्या लागतात ज्या पैसे भरताना कुठेच नव्हत्या. मूळ पॅकिंग आणा, उचलण्याचे पैसे भरा, पैसे नाही मिळणार, कूपन मिळेल. माझे म्हणणे सरळ आहे : पैसे घेताना जी अट सांगितली ती अट. पैसे घेतल्यानंतर जी सांगितली ती अट नव्हे, ती वसुली. आणि या वसुलीला आपला देशातला कायदा मान्यता देत नाही, फक्त तो आपल्याला नीट वापरता आला पाहिजे.

आधी एक प्रकरण तपशीलवार मांडतो, कारण ही लबाडी तपशिलातच कळते.

आमच्या भागातील बचत गटातल्या एक ताई खाजगी रुग्णालयात वॉर्ड आया म्हणून काम करतात. दिवसभर रुग्णांना उचलून कंबर धरलेली. त्यांनी एका कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फोमची गादी घेतली. किंमत १३,९९९ रुपये, सहा महिन्यांच्या हप्त्यांवर. जाहिरात मराठीत होती आणि तिच्यात शंभर रात्री व पूर्ण परतावा असे दोनच मुद्दे होते. गादी फार मऊ निघाली, कंबरदुखी वाढली. अडतिसाव्या रात्री ताईंनी कंपनीच्या चॅटवर कळवले की गादी परत घ्या.

त्यानंतर काय झाले ते क्रमाने बघा. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला. पंचेचाळिसाव्या रात्री सांगितले की गादी मूळ पॅकिंगमध्ये हवी. ताईंनी भांडण केल्यावर छप्पन्नाव्या रात्री ती अट सोडली, पण उचलण्याचा खर्च म्हणून १,८०० रुपये मागितले. एकाहत्तराव्या रात्री म्हणाले की पैसे खात्यात येणार नाहीत, त्याच कंपनीतून दुसरे काही घ्यायचे कूपन मिळेल. उत्तरे येण्यात दिवसामागून दिवस जात होते. अठ्ठ्याऐंशीव्या रात्री ताई आमच्याकडे आल्या तेव्हा मुदत संपायला बारा रात्री उरल्या होत्या.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. या अटी एकदम आल्या नाहीत, एकेक करून आल्या, आणि एक पडली की दुसरी उभी राहिली. खरी अट असती तर ती पहिल्याच दिवशी एका कागदावर सांगता आली असती. अटी हप्त्याहप्त्याने येतात तेव्हा त्यांचे काम गादीची स्थिती तपासणे हे नसते. त्यांचे काम दिवस खाणे हे असते. शंभर रात्रींचे वचन ज्याने दिले, त्याच्याच हातात घड्याळ असते. ताईंसाठी प्रत्येक फोन म्हणजे ड्यूटीवर चोरून केलेला फोन होता. कंपनीसाठी तो पगारावर बसलेल्या माणसाचा एक साचेबंद मजकूर होता. या खेळात आधी कोण थकणार हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आता मूळ पॅकिंगची अट बघू, कारण तिच्यातली लबाडी सगळ्यांत उघडी आहे. या गाद्या कारखान्यात यंत्राने दाबून, हवा काढून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात भरतात. म्हणूनच सहा फुटांची गादी कुरियरवाल्याच्या खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर येते. प्लॅस्टिक कापले की ती फुगते आणि एक-दोन दिवसांत पूर्ण आकार घेते. ती पुन्हा त्या खोक्यात घालणे घरी कोणालाच शक्य नाही. म्हणजे गादीवर झोपून बघा असे सांगायचे, झोपण्यासाठी प्लॅस्टिक कापावेच लागणार हे माहीत असायचे, आणि मग न कापलेले पॅकिंग मागायचे. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. अशी अट पाळण्यासाठी लिहिलेली नसते, नाकारण्यासाठी लिहिलेली असते.

अशा वेळी आम्ही पहिले काम केले ते अटींच्या तारखा जुळवण्याचे. ताईंच्या मेलमध्ये ऑर्डरची पावती होती, तिच्यावर शंभर रात्री आणि पूर्ण परतावा हे शब्द होते. कंपनीच्या वेबसाइटवर परताव्याच्या नियमांचे पान होते आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात शेवटच्या बदलाची तारीख होती. ती तारीख ताईंच्या ऑर्डरनंतर अडीच आठवड्यांची होती! वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी वेबॅक मशीन नावाची मोफत साइट आहे. तिथे त्याच पानाची ऑर्डरपूर्वीची प्रत सापडली. त्या प्रतीत तीनच अटी होत्या : गादी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेली असावी, फाटलेली किंवा डाग पडलेली नसावी, आणि मागणी शंभर रात्रींच्या आत करावी. १,८०० रुपये नव्हते, पॅकिंग नव्हते, कूपन नव्हते.

हा पुरावा निर्णायक का आहे? करार म्हणजे दोघांचा होकार. ताईंनी पैसे भरले त्या क्षणी जे समोर होते, त्याला त्यांचा होकार होता. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार झालेला करार बदलायचा तर पुन्हा दोघांचा होकार लागतो. करार झाल्यानंतर एकाने भिंतीवर चिकटवलेला कागद दुसऱ्याला बांधत नाही. हे तत्त्व जुने आहे. इंग्लंडमध्ये १९४९ साली ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट या खटल्यात हेच ठरले. हॉटेलने खोलीच्या आत पाटी लावली होती की चोरीची जबाबदारी आमची नाही. न्यायालय म्हणाले, पाहुण्याने करार स्वागतकक्षात केला, पाटी त्याने नंतर वाचली, म्हणून ती पाटी कराराचा भाग नाही. वेबसाइटचे पान ही आजची पाटीच आहे.

कंपनीचे वकील यावर म्हणतात की आमच्या अटींमध्ये लिहिले आहे, आम्ही अटी केव्हाही बदलू शकतो, आणि ग्राहकाने त्यावर टिचकी मारली आहे. हा युक्तिवाद नीट तपासा. एका पक्षाला हवे तेव्हा करार बदलता येतो आणि दुसऱ्याला फक्त टिचकी मारता येते, याला करार म्हणायचे की हुकूम? सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली या खटल्यात सांगितले की सौदा करण्याची ताकद विषम असेल आणि दुबळ्या पक्षाला तयार छापील अटींवर सही करण्यावाचून पर्याय नसेल, तर त्यातली अन्यायकारक अट न्यायालय राबवणार नाही. तो खटला नोकरीतून काढण्याच्या अटीचा होता. पण २०१९ साली पायोनियर अर्बन लँड विरुद्ध गोविंदन राघवन या खटल्यात न्यायालयाने हाच विचार बिल्डरच्या छापील कराराला लावला आणि एकतर्फी अटी घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे ठरवले. बाबासाहेबांनी १९४७ च्या स्टेट्स अँड मायनॉरिटीज या निवेदनात हेच मांडले होते की राज्याने हात काढून घेतला की उरते ते स्वातंत्र्य धनिकाचे असते, दुबळ्याच्या वाट्याला त्याची हुकूमशाही येते. टिचकीचे स्वातंत्र्य हे त्याच जातीचे स्वातंत्र्य आहे.

जाहिरातीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो आपल्या लोकांना विशेष उपयोगाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, जाहिरातीखालची सूचना मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही आणि महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही. दोन, ती सूचना दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असली पाहिजे. ताईंना दाखवलेले वचन मराठीत होते, अटी इंग्रजीत होत्या. वचन कळावे आणि अट कळू नये अशी ही वाटणी आहे, आणि ती मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. त्याच तत्त्वांत असेही आहे की पसंत नाही तर पैसे परत या योजनेला फ्री ट्रायल म्हणता येणार नाही. कारण तुम्ही पूर्ण पैसे आधी भरलेले असतात, मग फुकट काय आहे? जाहिरातीत फ्री ट्रायल हे शब्द दिसले तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. परत आलेली गादी कंपनीला नवी म्हणून विकता येत नाही, ती नेण्याचा खर्च मोठा असतो, आणि काही ग्राहक तीन महिने फुकट झोपून गादी परत करतात. हे सगळे खरे आहे. पण हा खर्च वचन देताना कंपनीला माहीत होता. ज्या वचनामुळे ताईंनी दुकानातली गादी सोडून ही घेतली, त्या वचनाचा फायदा कंपनीने विक्रीच्या दिवशीच उचलला. फायदा आधी घ्यायचा आणि खर्च आला की ग्राहकाकडे ढकलायचा, हा व्यापार नाही. खर्च झेपत नसेल तर वीस रात्रींचे वचन द्यावे, किंवा १,८०० रुपये कापले जातील हे किमतीच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत लिहावे. तसे लिहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

म्हणूनच आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. डाग पडलेली गादी घेणार नाही ही अट आधी सांगितली असेल तर ती बंधनकारक आहे. त्यामुळे पहिल्या रात्रीपासून गादीवर चादरीखाली जाड खोळ घाला, लेबल कापू नका. किमान तीस रात्री झोपा ही अट आधी लिहिली असेल तर पाळा. शंभर रात्री फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आहेत आणि तुम्ही दुसऱ्या मोठ्या खरेदी-साइटवरून घेतली असेल, तर तिथला परताव्याचा नियम बहुधा दहा-एक दिवसांचाच असतो. तो आधी दाखवलेला असतो, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. आणि दुकानदाराने तोंडी दिलेले वचन सिद्ध करणे फार कठीण, ते बिलावर लिहून घ्या.

ताईंच्या प्रकरणात एकोणनव्वदाव्या रात्री आम्ही चॅट बंद केले आणि मेल पाठवला. तो मराठीत होता आणि एवढाच होता :

"मी अमुक ऑर्डरची गादी नाकारत आहे. तुमच्या शंभर रात्रींच्या मुदतीतील आज एकोणनव्वदावी रात्र आहे. मी हे प्रथम अडतिसाव्या रात्री कळवले होते, सोबत चॅटचे फोटो जोडले आहेत. गादीवर डाग किंवा फाट नाही, सोबत आजचे फोटो आहेत. गादी माझ्या घरी तयार आहे, ती घेऊन जा आणि १३,९९९ रुपये माझ्या खात्यात परत करा. ऑर्डरच्या दिवशी लागू नसलेली कोणतीही अट मला मान्य नाही."

यातले पहिले वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे. माल विक्री कायदा, १९३० चे कलम ४३ सांगते की माल नाकारण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने, वेगळे काही ठरलेले नसेल तर, माल स्वतः परत पोहोचवण्याची गरज नसते. नाकारल्याचे कळवले की पुरे. म्हणजे मुदत मोजायची ती तुमच्या नकाराच्या तारखेपर्यंत, कंपनीची गाडी येण्याच्या तारखेपर्यंत नव्हे. आणि उचलण्याचा खर्च आधी ठरला नसेल तर तो तुमचा नाही. चॅटमध्ये "गादी परत करायची आहे, काय करू?" असे विचारले जाते. तो प्रश्न झाला, नकार नव्हे. नकार हा नकार म्हणूनच लिहावा, तारखेसह, आणि मेलवर, कारण चॅटची खिडकी बंद केली की मजकूर जातो. ताईंच्या मुलाने प्रत्येक संभाषणाचा फोटो काढून ठेवला होता म्हणून अडतिसावी रात्र सिद्ध करता आली.

अपेक्षेप्रमाणे एकशे एकाव्या रात्री उत्तर आले की ट्रायलची मुदत संपली आहे. मग पुढची पायरी. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार प्रत्येक अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. ग्राहक सेवेच्या मुलामुलींशी भांडू नका, त्यांच्या हातात काही नसते. त्या अधिकाऱ्याला लिहा. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिथे मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत नेऊन तडजोड घडवायचा प्रयत्न करते. कंपनी ऐकली नाही तर ती सक्ती करू शकत नाही.

हेल्पलाइननंतर कंपनी पहिल्यांदा हलली. १,८०० कापून बाकी देतो म्हणाली. इथेच बहुतेक लोक हो म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण बघा, ज्या १,८०० रुपयांची अट करारात नव्हती, तीच शेवटी तडजोड बनून येते. कंपनीने काहीच सोडलेले नसते, तिला जे हवे होते तेच मिळते. ताई म्हणाल्या, "अठराशे म्हणजे माझे चार दिवस. ते मी त्यांना का देऊ?"

त्यांनी नकार दिला आणि आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाच्या तक्रारीचा मसुदा तयार करून तक्रार अधिकाऱ्याला पाठवला. हा मसुदा कसा लिहिला हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. त्यात "अनुचित करार" हा शब्द मुद्दाम टाळला. २०१९ च्या कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे, पण त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. चौदा हजारांच्या गादीसाठी राज्य आयोग गाठणे म्हणजे केस हरल्यासारखेच. म्हणून तक्रार "अनुचित व्यापारी प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" या दोन शब्दांवर उभी करायची. पायोनियर प्रकरणामुळे एकतर्फी अटीही अनुचित व्यापारी प्रथेत मांडता येतात.

जिल्हा आयोगाची बाकी व्यवस्था आपल्या बाजूची आहे. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असले तरी तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. वकील लागत नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ती घरून दाखल होते. मुदत दोन वर्षांची. मागणी मात्र तपशिलाने लिहायची : किंमत, व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, हे वेगवेगळे. कायद्यात निकालाला तीन महिने म्हटले असले तरी प्रत्यक्षात बराच जास्त काळ लागतो, हे तक्रारदाराला आधीच सांगा.

मसुदा गेल्यावर अकराव्या दिवशी ताईंच्या खात्यात १३,९९९ रुपये जमा झाले आणि गाडी येऊन गादी घेऊन गेली. १,८०० कापले नाहीत. पण हप्त्यांवरचे व्याज आणि प्रक्रिया शुल्क मिळून ६१२ रुपये गेले ते गेलेच, कारण कर्ज देणारी संस्था वेगळी होती. त्या काळात ताईंनी हप्ते थांबवले नाहीत हे बरोबर केले. कंपनीवरच्या रागाने हप्ता चुकवला तर कंपनीचे काही बिघडत नाही, तुमचा पतगुण मात्र पडतो.

हे पैसे का परत आले याचा नीट विचार करा. कंपनीचे मन बदलले नाही. अटी कोणत्या तारखेला जन्मल्या हे कागदावर आले, आणि ते कागद आयोगापुढे जाणार हे तिला दिसले, एवढेच झाले. त्या कंपनीची जाहिरात अजून तशीच चालू आहे. एका ताईला दिलेले चौदा हजार तिला परवडतात, कारण बाकीच्या लोकांनी छप्पन्नाव्या रात्रीच १,८०० भरलेले असतात किंवा गादी भिंतीला टेकवून ठेवलेली असते. एकेकाचे प्रकरण मिटवून ही प्रथा थांबणार नाही. त्यासाठी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी लागते. प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. त्यातून तुमचा परतावा मिळत नाही, पण जाहिरात बंद होऊ शकते.

म्हणून आमच्या गटाने एक काम सुरू केले आहे आणि ते कुठल्याही वस्तीत करता येते. कोणी अशी गादी मागवणार असेल तर पैसे भरण्याआधी जाहिरातीचा, किमतीच्या पानाचा आणि परताव्याच्या नियमांचा स्क्रीनशॉट काढून गटाच्या फोनवर पाठवायचा. नियमांचे पान वेबॅक मशीनवर त्याच दिवशी साठवून ठेवायचे, त्याला एक मिनिट लागते. गादी आली त्या तारखेपासून पंच्याहत्तरावी रात्र कॅलेंडरवर मांडायची, आणि पसंत नसेल तर त्या रात्रीच्या आत नकाराचा मेल जायलाच हवा. कंपनीने घड्याळ स्वतःच्या हातात ठेवले आहे. दुसरे घड्याळ आपल्या भिंतीवर लावा.